केबल घेण्याआधी फोनचं पोर्ट ओळखा

फोनवरचं चित्र टीव्हीवर बिनतारी दाखवण्याची सोय आता बहुतेक स्मार्ट टीव्हींत असते. कुणी तिला स्क्रीन मिररिंग म्हणतं, कुणी कास्ट, तर सॅमसंगच्या फोनवर तिचं नाव स्मार्ट व्ह्यू असतं. एखाद्या दिवशी ती झटक्यात चालते. दुसऱ्या दिवशी तोच फोन आणि तोच टीव्ही असूनही यादीत टीव्हीचं नाव दिसत नाही, किंवा चित्र येतं पण पाच मिनिटांनी थिजतं आणि ओठांच्या हालचाली एकीकडे, आवाज दुसरीकडे असं होतं. घरात पाहुणे जमलेले असतात आणि सगळेजण त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतात.

हे का होतं ते आधी समजून घेऊ, कारण केबलचा फायदा त्यातूनच कळतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात आणि सेकंदाला अशी ६० चित्रं जातात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे २९८ कोटी बिट होतात. घरातल्या वाय-फायवरून एवढा ओघ सतत आणि न अडखळता पाठवता येत नाही. म्हणून फोन आपल्या स्क्रीनचं चित्र त्याच क्षणी आवळून एक-दोन कोटी बिटांवर आणतो, हवेतून पाठवतो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडतो. आवळणं, पाठवणं, उलगडणं या तिन्हींना वेळ लागतो आणि तो दर क्षणी सारखा नसतो. बिल्डिंगमध्ये वीस-पंचवीस राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, ब्लूटूथही तिथंच असतं, राउटर आणि टीव्हीच्या मध्ये काँक्रीटची भिंत असते. मधले काही तुकडे हरवले की चित्र थांबतं.

एक फरक इथंच सांगायला हवा. यूट्यूबमधलं कास्टचं बटण दाबलं की फोन चित्र पाठवत नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून व्हिडिओ आणतो. त्यामुळे कास्ट बहुधा मिररिंगपेक्षा स्थिर चालतं. मात्र त्याला इंटरनेट लागतं आणि दूरवरच्या यंत्रणेवर भरवसा ठेवावा लागतो. मार्च २०२५ मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट बंद पडले. लोकांच्या घरातलं वाय-फाय ठणठणीत होतं, उपकरणही चांगलं होतं, तरी दुरुस्तीचा अपडेट येईपर्यंत ते चालेना. शिवाय फोनच्या गॅलरीतला व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, एखादं सादरीकरण, किंवा ज्या अ‍ॅपमध्ये कास्टचं बटणच नाही असं काही दाखवायचं असेल तर मिररिंगच उरतं.

केबलमध्ये यातलं काहीच नसतं. एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. चित्र न आवळता जातं, आवाज त्याच तारेतून जातो आणि राउटर बंद असला तरी चालतं. पण ही केबल विकत घेणाऱ्या कितीतरी लोकांची निराशा होते आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं की केबल खराब निघाली. खरं कारण बहुतेक वेळा फोनमध्ये असतं.

यूएसबी-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचं नाव आहे. २०१४ साली तो आकार ठरला तेव्हा त्यात २४ पिना ठेवल्या गेल्या. त्यातल्या काही वीज नेतात, दोन तारांची एक जोडी जुन्या यूएसबी २.० चा डेटा नेते आणि त्याशिवाय वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. त्याच वर्षी व्हेसा या संस्थेनं एक पद्धत ठरवली की या वेगवान जोड्यांवरून यूएसबीच्या डेटाऐवजी डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवता येईल. हिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. बाजारातली यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल याच सोयीवर चालते. फोनमधून डिस्प्लेपोर्टचं चित्र निघतं आणि केबलच्या टोकात बसवलेली छोटी चिप त्याचं एचडीएमआय करते. म्हणूनच ती केबल उलटी चालत नाही. सेट-टॉप बॉक्सचं चित्र तीच केबल उलटी लावून फोनवर किंवा टॅबवर दिसणार नाही.

आता मेख अशी की फोन बनवणाऱ्या कंपनीनं त्या वेगवान जोड्या आतून जोडल्याच पाहिजेत असं कुठलंही बंधन नाही. खर्च वाचवायला मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत पोर्ट यूएसबी-सी आकाराचं असतं, पण आतून यूएसबी २.० ची एकच जोडी जोडलेली असते. तिचा कमाल वेग सेकंदाला ४८ कोटी बिट. आपल्याला हवे होते २९८ कोटी. म्हणजे त्या पोर्टातून न आवळलेलं चित्र निघूच शकत नाही, मग केबल कितीही महागाची असो. सेटिंगमध्ये लपलेला एखादा पर्याय शोधून किंवा अ‍ॅप टाकून त्या जोड्या तयार होणार नाहीत.

उदाहरणं घ्यायची तर सॅमसंगच्या एस मालिकेत २०१७ च्या गॅलेक्सी एस८ पासून ही सोय आहे, एस२० एफई या तुलनेनं स्वस्त फोनातही आहे. पण भारतात भरपूर खपलेल्या ए५४ मध्ये नाही. अ‍ॅपलनं २०२३ मध्ये आयफोन १५ ला यूएसबी-सी दिलं तेव्हा साध्या आणि प्रो, दोन्ही प्रकारांत चित्र बाहेर पाठवण्याची सोय ठेवली. गूगलच्या पिक्सेल ७ मध्ये ती वापरता येत नव्हती. पिक्सेल ८ च्या पोर्टाची तयारी आधीपासून होती, पण ती सॉफ्टवेअरनं बंद ठेवली होती आणि जून २०२४ च्या अपडेटनंतर सुरू झाली. म्हणजे काही फोनांत अपडेट करणं हाही उपाय ठरू शकतो, मात्र तारा आतून जोडलेल्या असतील तरच.

आपल्या फोनचं कसं ओळखायचं? कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात यूएसबीची ओळ शोधा. तिथं DisplayPort असा शब्द असेल तर प्रश्न मिटला. नुसतं USB 2.0 किंवा OTG लिहिलं असेल तर जवळजवळ नक्की नकार समजा. जवळजवळ म्हणतो, कारण आयफोन १५ सारखा अपवाद आहे. त्याचा डेटाचा वेग यूएसबी २.० इतकाच आहे, पण चित्रासाठीच्या जोड्या जोडलेल्या असल्यामुळे तो फोर-के चित्र देतो. आणि पेन ड्राइव्ह लावल्यावर फोन तो वाचतो, म्हणून चित्रही जाईल असं समजू नका. पेन ड्राइव्हला यूएसबी २.० ची जोडी पुरते.

सांगलीला माझ्या मावशीकडे हा सगळा प्रकार एकाच दुपारी बघायला मिळाला, म्हणून तो क्रमानं सांगतो. तिच्या घरी राउटर वरच्या मजल्यावर, टीव्ही खाली. मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ तिला जाऊबाईंना टीव्हीवर दाखवायचा होता. मिररिंग मंगलाष्टकांपर्यंत पोचायच्या आतच तुटायचं. म्हणून तिनं बाजारातून केबल आणली आणि ती लावल्यावर टीव्हीवर No Signal एवढंच आलं.

"बघ की रे, दुकानदारानं केबलच खराब दिली," मावशी म्हणाली. "बदलून आणतोस का?"

"थांब मावशी, आधी ताईचा फोन लावून बघू."

मावसबहिणीकडे आयफोन १५ होता. त्याच केबलनं त्याचं चित्र तीन-चार सेकंदांत टीव्हीवर आलं. केबल निर्दोष होती. मावशीच्या मध्यम किमतीच्या फोनचा तपशील उघडला, तर त्यात यूएसबी २.० एवढाच उल्लेख होता. अशी अदलाबदल करून बघणं ही माझ्या मते सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. चित्र देतो हे नक्की माहीत असलेला एक फोन किंवा लॅपटॉप शोधा, त्याला केबल लावा, आणि दोष केबलचा की फोनचा याचा निकाल दोन मिनिटांत लागतो.

पण ताईच्या फोनवरही सगळं लगेच सुरळीत झालं नाही आणि तिथली गंमत समजून घेण्यासारखी आहे. चित्र यायचं, दर अर्ध्या मिनिटाला दोन सेकंद काळं व्हायचं, परत यायचं. मधूनच पांढरे ठिपके चमकायचे. असं का होतं हे कळायला केबल जोडल्यावर काय घडतं ते पाहावं लागेल.

प्लग बसला की पहिल्यांदा फोन केबलमधल्या चिपला पाच व्होल्ट वीज देतो आणि सीसी नावाच्या छोट्या तारेवरून विचारणा करतो की तुला डिस्प्लेपोर्ट कळतं का. होकार आला तरच फोन वेगवान जोड्या चित्राकडे वळवतो. इथं गाडी अडली तर फोन ढिम्म राहतो, काही सूचना देत नाही. मावशीच्या फोनचं हेच झालं. दुसऱ्या टप्प्यात टीव्ही आपली क्षमता सांगणारी यादी पाठवतो, म्हणजे आपण किती ठिपक्यांचं आणि सेकंदाला किती चित्रांचं सिग्नल घेऊ शकतो ते. फोन त्या यादीतून जमेल तेवढं वरचं माप निवडतो. तिसऱ्या टप्प्यात, चित्रपटासारखा संरक्षित मजकूर असेल तर कॉपी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाची कुलूप-किल्लीची तपासणी होते.

ताईच्या फोनची अडचण दुसऱ्या टप्प्यातली होती. टीव्ही फोर-के होता आणि त्यानं यादीत सेकंदाला ६० चित्रांचं फोर-के सांगितलं होतं. फोननं तेच निवडलं. पण मावशीच्या त्या आखूड केबलला पुढं जोड देऊन टीव्हीपर्यंत नेलेली जुनी एचडीएमआय केबल एवढा ओघ पेलत नव्हती. फुल एचडीच्या चौपट ठिपके म्हणजे चौपट बिट, जवळजवळ १२०० कोटी दर सेकंदाला. पांढरे ठिपके आणि क्षणभर काळं होणं ही तार अपुरी पडल्याची ठळक खूण आहे. यावर दोन उपाय असतात. एक, 'प्रीमियम हाय स्पीड' असं प्रमाणपत्र असलेली, शक्यतो दोन मीटरच्या आतली एचडीएमआय केबल घ्यायची. दुसरा उपाय फुकटचा आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाची जास्त क्षमतेची सोय बंद करायची. सॅमसंगच्या टीव्हीत तिला Input Signal Plus म्हणतात, एलजीच्या टीव्हीत HDMI Ultra HD Deep Colour. ती बंद केली की टीव्ही यादीत खालचं माप सांगतो, फोन ते निवडतो आणि ओघ जुन्या तारेला झेपतो. आम्ही तेच केलं आणि चित्र स्थिर झालं. लग्नाच्या व्हिडिओत फरक कुणाला दिसलाही नाही.

संध्याकाळी तिसरी अडचण आली. ताईनं एका अ‍ॅपवर मराठी नाटक लावलं. अ‍ॅपचा मेनू टीव्हीवर दिसला, नाटक सुरू होताच पडदा काळा, आवाज मात्र चालू. मेनू दिसतो आणि व्हिडिओ दिसत नाही, तेव्हा दोष तारेचा नसतो, एचडीसीपीच्या तपासणीचा असतो. केबलमधल्या चिपला ती किल्ली येत नसेल किंवा अ‍ॅपनंच बाहेरचा पडदा बंद ठेवला असेल तर असं होतं. केबल घेताना तिच्यावर एचडीसीपीचा उल्लेख आहे का हे बघावं. पण अशा अ‍ॅपसाठी मी केबलचा आग्रह धरणार नाही. टीव्ही स्मार्ट असेल तर ते अ‍ॅप टीव्हीतच उघडावं. केबल स्वतःचे व्हिडिओ, फोटो, कॉल, ऑनलाइन वर्ग यांच्यासाठी उत्तम.

दोन-तीन बारीक गोष्टी वेळ वाचवतात. टीव्हीवर केबल एचडीएमआयच्या ज्या क्रमांकाच्या पोर्टात लावली असेल तोच क्रमांक रिमोटवरच्या सोर्स किंवा इनपुट बटणानं निवडावा लागतो. फोनचं जाड कव्हर काढून बघा. यूएसबी-सीचा प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर राहिला तरी चार्जिंग होतं पण चित्र येत नाही, कारण वेगवान पिनांना पक्का स्पर्श लागतो. पोर्टात खिशातली धूळ आणि लोकर दाबून बसलेली असते, ती फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळूच काढावी. सॅमसंगचा फोन जोडल्यावर कधी संगणकासारखा वेगळा पडदा दिसतो, त्याला डेक्स म्हणतात. फोनचंच चित्र हवं असेल तर सूचनेतून स्क्रीन मिररिंग निवडा. फोन उभा धरला तर टीव्हीच्या मधोमध एक पट्टीच दिसणार. आडवा केला तरी वर-खाली थोडी काळी जागा राहते, कारण फोनचा पडदा टीव्हीपेक्षा लांबुडका असतो. त्यात बिघाड काही नाही.

बॅटरीचाही विचार करायला हवा. केबलमधली चिप फोनच्याच विजेवर चालते, फोनचा पडदाही चालू राहतो आणि चार्जिंगचं एकमेव पोर्ट केबलनं अडवलेलं असतं. तीन तासांचा कार्यक्रम बघायचा असेल तर सरळ केबलऐवजी छोटा अडॅप्टर घ्यावा. त्यात एचडीएमआयच्या शेजारी चार्जर लावायला यूएसबी-सीचं आणखी एक भोक असतं. मला तर नेहमीसाठीही अडॅप्टर आणि वेगळी एचडीएमआय केबल हीच जोडी पटते. केबल बिघडली तर तेवढीच बदलता येते, हवी तितक्या लांबीची घेता येते, आणि फोनच्या पोर्टावर लांब जड तारेचा ताण येत नाही.

दुकानात आणखी एका प्रकारच्या केबल मिळतात, त्यांच्यापासून सावध राहा. पाकिटावर 'सर्व फोनांसाठी' असं लिहिलेलं असतं, तारेला वीज घ्यायला यूएसबीचं जादा शेपूट असतं आणि एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलेलं असतं. या केबल डिस्प्लेपोर्ट वापरत नाहीत. अ‍ॅप फोनचं चित्र आवळून यूएसबीवरून पाठवतं, म्हणजे मिररिंगचाच मार्ग, फक्त हवेऐवजी तारेतून. चित्र मागे पडतं, संरक्षित व्हिडिओ दिसत नाही आणि आपल्या पडद्यावरचं सगळं वाचायची परवानगी कुणा अनोळखी अ‍ॅपला द्यावी लागते. यूएसबी २.० च्या फोनसाठी खात्रीचा मार्ग हवाच असेल तर डिस्प्लेलिंक चिपचा अडॅप्टर मिळतो. तोही चित्र आवळूनच पाठवतो आणि संरक्षित चित्रपट दाखवत नाही, पण त्याचं अ‍ॅप चिप बनवणाऱ्या कंपनीचंच असतं. किंमत मात्र साध्या अडॅप्टरपेक्षा बरीच जास्त.

मावशीच्या फोनवर शेवटी आम्ही याहून साधा उपाय केला. लग्नाचा व्हिडिओ यूएसबी-सी पेन ड्राइव्हवर घेतला आणि तो छोटा जोड लावून टीव्हीच्या यूएसबी पोर्टात लावला. फाइल सहा जीबीची होती आणि पेन ड्राइव्हची मांडणी एफएटी३२ पद्धतीची, तिच्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. म्हणून तो आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागला. जुने टीव्ही एक्सफॅट वाचतीलच असं नाही आणि नव्या फोनवर एचइव्हीसी पद्धतीनं काढलेला व्हिडिओही काही जुन्या टीव्हींवर चालत नाही. तेव्हा महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी एकदा लावून बघा.

आणि तुमचा फोन चित्र देणारा असेल, केबल किंवा अडॅप्टर घ्यायचं ठरलंच असेल, तर घरून फोन घेऊनच दुकानात जा. पाकिटावर डीपी ऑल्ट मोडचा उल्लेख आहे का ते वाचा, दुकानातल्या टीव्हीला लावून तुमच्या गॅलरीतला एखादा व्हिडिओ पूर्ण चालवून बघा, कव्हर असेल तर कव्हरासकट. चित्र आणि आवाज दोन्ही आले तरच पैसे द्या, आणि मागवून घेणार असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत स्वतःच्या टीव्हीवर हीच तपासणी करा.